खातं रिकामं करणं आणि खातं बंद करणं

नोकरी बदलली की जुनं पगाराचं खातं मागे पडतं. मग एक दिवस मोबाइलवरून त्यातले सगळे पैसे दुसऱ्या खात्यात वळवले जातात आणि आपण म्हणतो, "बंद केलं ते खातं." बँकेच्या लेखी मात्र ते चालूच असतं.

समजा, त्यात ५०,००० रुपये होते, व्याजदर २.५ टक्के. १ जुलैपासूनचे ४० दिवस भरल्यावर तुम्ही सगळी रक्कम काढून घेतलीत. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात, पण जमा होतं सहसा तिमाहीच्या शेवटी. त्यामुळे सप्टेंबरअखेर त्या 'रिकाम्या' खात्यात १३७ रुपये येऊन पडतात. पगार येणं थांबलं की बऱ्याच बँका ते खातं साधं बचत खातं करतात आणि किमान शिलकीची अट लागू होते. दंडापायी ते १३७ रुपयेही जातात. निव्वळ या दंडामुळे शिल्लक उणे होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे तसं दिसलं तर लेखी तक्रार करा.

दोन वर्षांहून जास्त काळ तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज त्यात धरत नाहीत. दहा वर्षांनी उरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती परत मिळते, पण त्यासाठी बँकेत दावा करावा लागतो.

खातं बंद करायचं तर पैसे आधी काढायची गरजच नाही. शाखेत खाते बंद करण्याचा अर्ज भरा आणि ज्या खात्यात रक्कम हवी त्याचा क्रमांक, आयएफएससी आणि रद्द केलेला चेक जोडा. पासबुक, उरलेले चेक आणि डेबिट कार्डही परत द्या. बँक त्या दिवसापर्यंतचं व्याज धरून सगळी शिल्लक एकदम पाठवते. संयुक्त खातं असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतील असं धरूनच जा, नाहीतर दुसरा हेलपाटा ठरलेला. खातं निष्क्रिय झालं असेल तर आधी केवायसी देऊन ते सुरू करून घ्यावं लागतं. त्याचे पैसे बँकेने घ्यायचे नाहीत.

माझा आग्रह एकच: अर्ज देण्याआधी वर्षभराचं स्टेटमेंट काढून ओळ न् ओळ वाचा. मे महिन्यात कापले गेलेले २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा योजनेचा हप्ता असू शकतो. खातं गेलं की तो विमाही संपतो. गॅसचं अनुदान, लाभांश, एसआयपी, आयकराचा परतावा यांसाठीही आधी नवं खातं नोंदवा. नेट बँकिंग बंद झालं की जुनी स्टेटमेंटं सहज मिळत नाहीत, म्हणून ती उतरवून ठेवा.

अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. रक्कम नव्या खात्यात आल्यावर शाखेकडून खातं बंद झाल्याचं पत्र मागा.