चाक उलटल्यावर टर्नटेबल किती वेगाने फिरतं?
टर्नटेबल आणि वजनदार रिमच्या चाकाचा संच घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संच घेतलेले ग्राहक आम्हाला बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: "गणितात जेवढा वेग येतो, तेवढा प्रत्यक्षात का दिसत नाही?" संचात खोट असण्याची शक्यता फार थोडी असते. बहुतेक वेळा चाक कोणी फिरवलं, वेग कुठून मोजला आणि बेअरिंगने किती खाल्लं, या तीनपैकी एका ठिकाणी हिशोब चुकलेला असतो. म्हणून आधी हिशोब पाहू.

एक जण थांबलेल्या टर्नटेबलवर उभा आहे. जमिनीवर उभा असलेला मदतनीस चाक जोरात फिरवतो आणि त्याचा आस उभा ठेवून, म्हणजे एक मूठ वर आणि एक खाली अशा स्थितीत, वरच्या माणसाच्या हातात देतो. वरून पाहिलं तर चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतंय असं धरू. चाक हातात आलं तरी टर्नटेबल हलत नाही. आता तो माणूस चाक उलटं करतो, वरची मूठ खाली आणि खालची वर. वरून पाहिलं तर चाक आता काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतं, आणि माणूस टर्नटेबलसकट काट्यांच्या उलट दिशेने फिरायला लागतो. चाक सुरुवातीला ज्या दिशेने फिरत होतं, त्याच दिशेने. दिशा नेमकी विरुद्ध आली, तर पुढे वाचण्याआधी चाक घेताना ते कुठल्या बाजूने फिरत होतं ते एकदा तपासावं.

आता वेग किती? टर्नटेबलचं बेअरिंग उभ्या आसाभोवती जवळजवळ मोकळं असतं, त्यामुळे त्या आसाभोवतीचा कोनीय संवेग बाहेरून बदलत नाही. चाक आत आलं तेव्हा त्यात एक वाटा संवेग होता, वरच्या दिशेने. उलटल्यावर चाकाकडे तोच एक वाटा आहे, पण खालच्या दिशेने, म्हणजे उणे. एकूण बेरीज पूर्वीइतकीच, एक, राहायची असेल तर माणूस आणि टर्नटेबल यांच्याकडे दोन वाटे यायला हवेत. या दोनामुळेच बरेच जण फसतात. चाकाचा संवेग माणसाकडे "गेला" असं म्हटलं की मनात एकच वाटा येतो आणि उत्तर निम्मं येतं.

टर्नटेबलचा वेग = २ × चाकाचं जडत्व आघूर्ण × चाकाचा वेग ÷ (माणूस, टर्नटेबल आणि हातात दूर धरलेलं चाक यांचं एकूण जडत्व आघूर्ण)

दोन्ही बाजूंना वेग सेकंदाला किती फेरे असाच ठेवला तरी चालतं, रेडियनमध्ये बदलायची गरज नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. रिम, टायर आणि त्यात भरलेली तार मिळून १.८ किलो वजन आसापासून सरासरी २९ सेंटीमीटरवर आहे. चाकाचं जडत्व आघूर्ण झालं १.८ × ०.२९ × ०.२९, म्हणजे सुमारे ०.१५ किलोग्रॅम मीटर वर्ग. स्पोक आणि हब आसाच्या जवळ असल्याने त्यांची भर किरकोळ, ती इथे सोडली आहे. हाताने जोर लावून चाक सेकंदाला ४ फेरे घेतं असं मानू. हात पुढे करून उभ्या राहिलेल्या माणसाचं जडत्व आघूर्ण १.९ धरू. टर्नटेबलच्या फळीचे ०.१. मुठींसकट अडीच किलोचं चाक मध्यापासून ३५ सेंटीमीटरवर धरलंय, त्याचे ०.३. एकूण २.३. म्हणजे वेग आला २ × ०.१५ × ४ ÷ २.३, सेकंदाला ०.५२ फेरे. एक फेरा सुमारे १.९ सेकंदांचा.

या बेरजेत माणसाचा आकडा सर्वांत मोठा आणि सर्वांत कच्चा. हात थोडे आखडले किंवा कोपर बाहेर काढलं की तो बदलतो. त्यामुळे उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत जुळावं अशी अपेक्षा ठेवू नये. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत आलं तर प्रयोग नीट झाला असं आम्ही समजतो. फरक दुपटीचा दिसला तर मात्र कुठेतरी गडबड आहे.

हाताला काय जाणवतं

चाक उलटताना हळू होतं आणि त्याची गती माणसाला मिळते, असा समज आहे. तसं होत नाही. चाकाचं बेअरिंग चांगलं असेल तर आसाभोवती त्याला कोणी रोखत नाही, त्यामुळे जमिनीवरून पाहिलं तर ते आधीच्याच वेगाने फिरत राहतं. माणसाला मिळालेली ऊर्जा, वरच्या उदाहरणात सुमारे १२ ज्यूल, त्याच्या स्वतःच्या दंडातून येते.

हे खरंच जाणवतं. फिरतं चाक हातात घेऊन जमिनीवर पाय घट्ट रोवून उलटलं, तर ते हातांना बाजूला पिळतं, पण उलटायला फारसा विरोध करत नाही. तेच टर्नटेबलवर करून पाहा. माणूस फिरायला लागला की फिरतं चाक उलटण्यालाच विरोध करू लागतं. सुरुवातीला हा विरोध नगण्य असतो. आस आडवा होईपर्यंत वेग अंतिम वेगाच्या निम्मा झालेला असतो, पण ऊर्जा मात्र पावच खर्च झालेली असते. उरलेली पाऊण दुसऱ्या टप्प्यात लागते. सर्वांत जड क्षण आस आडवा होऊन पुढे गेल्यावर येतो, सुरुवातीपासून साधारण १२० अंशांवर. नवखा माणूस नेमका इथेच अडतो, "चाक पूर्ण उलटत नाही" म्हणून मध्येच सोडतो आणि मग अपुरा वेग मोजतो. मोजण्याआधी आस पुन्हा सरळ उभा झालाय ना, एवढं पाहावं.

बाजूच्या पिळाचंही ध्यानात ठेवावं. चाक एका सेकंदात उलटलं तर पिळाची जास्तीत जास्त ताकद सुमारे १२ न्यूटन मीटर असते, ६० किलोच्या माणसाचा भार दोन सेंटीमीटर सरकवण्याइतकी. तेवढं तळपाय सांभाळून घेतात. पण झटका देऊन एक तृतीयांश सेकंदात उलटलं तर ती तिप्पट होते, आणि पाय जुळवून उभा असलेला माणूस खरोखर तोल सोडतो. पाय खांद्याएवढे रुंद, गुडघे किंचित सैल आणि चाक एका सेकंदाच्या आसपास उलटायचं. घाईने उलटल्याने अंतिम वेग वाढत नाही.

वेग कमी का भरतो

टर्नटेबलचं बेअरिंग थोडा वेग खातंच. किती, हे शोधायला कुठलंही उपकरण लागत नाही. न फिरणारं चाक त्याच पद्धतीने हातात धरून माणसाला उभं करा, दोन सेकंदांना एक फेरा होईल इतकं हलकेच ढकला आणि थांबेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. बेअरिंगचा रोध जवळपास स्थिर असतो, त्यामुळे नियम सोपा होतो: जितके सेकंद गेले, त्याला थांबायच्या वेळेने भागा, तेवढा भाग वेग गेला. समजा थांबायला ३८ सेकंद लागले. चाक उलटल्यावर मोजणीच्या मध्यापर्यंत २ सेकंद गेले असतील, तर २ ÷ ३८, म्हणजे सुमारे ५ टक्के गेले. १.९ ऐवजी २ सेकंदांचा फेरा दिसला तर हिशोब बरोबर बसला. थांबायला १५ सेकंदही लागत नसतील, तर बेअरिंग उघडून पुसून ग्रीस बदलायची वेळ आली आहे. ग्रीस पातळ थरात लावावं. भरभरून लावलं की रोध वाढतो, कमी होत नाही.

थांबताना माणूस किंचित मागे झोके घेऊन प्रत्येक वेळी त्याच बाजूला तोंड करून थांबत असेल, तर दोष बेअरिंगचा नाही, फरशी किंवा स्टँड तिरकं आहे. खालचे स्क्रू फिरवून पाणसळ लावावी.

कोणी फिरवलं आणि कुठून मोजलं

चाक मदतनिसानेच जमिनीवरून फिरवायचं, यामागे कारण आहे. टर्नटेबलवर उभ्या माणसाने उभ्या आसाचं चाक स्वतः फिरवलं, तर तो आधीच उलट दिशेने फिरायला लागतो, कारण एकूण बेरीज शून्य होती आणि शून्यच राहायला हवी. मग चाक उलटलं की त्याची दिशा पालटते, पण अंतिम वेग निम्माच, वरच्या आकड्यांत सेकंदाला ०.२६ फेरे. बदल मात्र दोन वाट्यांचाच झालेला असतो. हा प्रकारही शिकवायला छान आहे, फक्त पहिल्या गणिताशी त्याची तुलना करू नये.

काही ग्राहक चाकाच्या मुठीवर सायकलचं स्पीडोमीटर बसवतात. ते मुठीच्या, म्हणजे माणसाच्या, तुलनेत वेग दाखवतं. उलटल्यावर माणूस एका दिशेने आणि चाक दुसऱ्या दिशेने फिरत असल्याने आकडा ४ वरून ४.५२ होतो. चाकाला कोणी वेग दिलेला नाही. गणितात घालायचा तो आधीचा, माणूस थांबलेला असतानाचा आकडा.

चाक थांबवताना

प्रयोग संपल्यावर टर्नटेबलवर उभं राहूनच रिमला हात लावून चाक थांबवू नये. चाक उलटलेलं असताना थांबवलं तर त्याचा उणे वाटा माणसाकडे येतो आणि वेग एकदम निम्म्याखाली, सेकंदाला सुमारे ०.२५ फेऱ्यांवर येतो. चाक पुन्हा मूळ स्थितीत आणलं तर टर्नटेबल जवळजवळ थांबतं हे खरं, पण त्या वेळी चाक थांबवलं तर माणूस पुन्हा तितक्याच वेगाने फिरायला लागतो, आणि तो तोवर "थांबलो" म्हणून एक पाय खाली ठेवायच्या बेतात असतो. चाक मूळ स्थितीत आणावं, आस उभा ठेवूनच मदतनिसाच्या हातात द्यावं आणि मगच खाली उतरावं. पुढे ते जमिनीवर उभं राहून कसंही थांबवलं तरी हरकत नाही, फक्त बोटं स्पोकमध्ये जाणार नाहीत याची काळजी घेऊन, तळहाताने टायरवर दाब देत.