जवस की चिया? पाकिटामागचा हिशेब

“ओमेगा-३ पाहिजे असेल तर चिया सीड्सच घ्या, आपल्या जवसात तेवढी ताकद नसते.”

दोन्हींच्या पाकिटामागचा पोषणाचा तक्ता शेजारी धरून पाहा, पण आकडे १०० ग्रॅमचे घ्या, ‘एका सर्व्हिंग’चे नाही. जवसात ओमेगा-३ साधारण २२ ग्रॅम भरतं, चियात १७-१८. चियात तंतू आणि कॅल्शियम जास्त, हे मान्य. भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बियांत मात्र हे ओमेगा-३ नावालाच असतं. त्या जस्त आणि ई जीवनसत्त्वासाठी खाव्यात.

आता भाव. समजा जवसाचं १५० ग्रॅमचं चकचकीत पाकीट १२० रुपयांना आहे, म्हणजे किलोला ८०० पडले. आठवडी बाजारात सुटं जवस १२० रुपये किलो मिळालं, तर तेवढंच १५० ग्रॅम १८ रुपयांत येतं. वरचे १०२ रुपये कशाचे, हे दुकानदाराला खुशाल विचारा.

चियाची एक सोय खरी आहे, ते भिजवून अख्खं खाता येतं. जवसाचं टरफल टणक असतं, अख्खा दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो. म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं आणि कुटायचं. आपली जवसाची चटणी हेच तर करते! फक्त कूट आठवड्यापुरतंच करा, कारण दळल्यावर त्यातलं तेल लवकर खवट होतं. घेताना चार दाणे चावून पाहा. कडवट लागले किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर माल जुना आहे.