‘फायनल स्टेट’मध्ये फायनल काय? 1011 ने संपणाऱ्या ऑटोमॅटनची पार्श्वभूमी

फोंड्यात थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या शिकवणीला बसणारी मुलं 1011 ने संपणाऱ्या स्ट्रिंग्जचा डीएफए काढतात, तेव्हा चार बाण सरळ ओढले जातात. q0 पासून q4 पर्यंत कुणी अडखळत नाही. गोंधळ सुरू होतो तो q4 ला दुहेरी वर्तुळ काढल्यावर. निम्मी मुलं तिथून पुढे बाणच काढत नाहीत. विचारलं की उत्तर येतं, "सर, ती फायनल ना? मग संपलं."

या उत्तराचं मूळ शब्दात आहे. मर्यादित अवस्थांच्या यंत्राची कल्पना 1943 च्या चेतापेशींच्या गणिती प्रतिमानापर्यंत मागे नेता येते, पण आज वर्गात शिकवली जाणारी व्याख्या मुख्यतः 1959 च्या एका शोधनिबंधातली. त्यात अवस्थांच्या एका उपसंचाला ‘नेमून दिलेल्या अंतिम अवस्था’ म्हटलं होतं. व्याख्या चोख होती: प्रत्येक अवस्थेतून प्रत्येक चिन्हासाठी पुढची अवस्था ठरलेली, अंतिम अवस्थाही त्याला अपवाद नाही. ‘अंतिम’ म्हणजे वाचन थांबलं तेव्हा यंत्र तिथे असेल तर स्ट्रिंग मान्य, इतकंच. यंत्राला इनपुट कधी संपणार हे ठाऊकच नसतं. पुढे काही पाठ्यपुस्तकांनी ‘अ‍ॅक्सेप्ट स्टेट’ हा शब्द घेतला आणि तोच योग्य होता असं मला वाटतं. तरीही आपल्याकडे प्रश्नपत्रिकेत आणि तोंडी परीक्षेत जुना शब्द टिकून आहे.

त्याच 1959 च्या निबंधाने गुंता आणखी वाढवला, कारण त्यात एनएफएही आला. एनएफएमध्ये q0 वर 0 आणि 1 दोन्हींचा फेरा घालायचा आणि मग 1, 0, 1, 1 अशी साखळी जोडायची. इथे शेवटच्या अवस्थेतून एकही बाण नसला तरी चालतो. ही आकृती आधी शिकवली जाते आणि तीच सवय मुलं डीएफएत आणतात.

दुसरी सवय येते डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधून. तिथे फ्लिप-फ्लॉप वापरून 1011 चा सिक्वेन्स डिटेक्टर बनवताना ‘नॉन-ओव्हरलॅपिंग’ प्रकारात नमुना सापडला की यंत्र पुन्हा आरंभाला जातं. भाषेच्या प्रश्नात हा पर्यायच नाही. स्ट्रिंगची शेवटची चार चिन्हं 1011 आहेत का, एवढंच बघायचं. आधी तो नमुना सापडला होता का, याने काही फरक पडत नाही.

म्हणून मी मुलांना बाणांच्या आधी प्रत्येक अवस्थेचा अर्थ लिहायला लावतो. q3 म्हणजे ‘आतापर्यंत वाचलेल्याच्या शेपटाशी जुळणारी 1011 ची सर्वांत लांब सुरुवात 101 आहे’. आता q3 वर 0 आला तर शेपूट 1010 झालं. ते पूर्ण जुळत नाही, पण त्याच्या शेवटी 10 आहे आणि 10 ही नमुन्याची सुरुवात आहे. म्हणजे बाण q0 कडे नाही, q2 कडे जातो. q4 वर 0 आला तरी शेवटी 10 उरतं, म्हणून पुन्हा q2. q4 वर 1 आला तर फक्त 1 उपयोगी पडतो, म्हणून q1.

```
      0    1
q0    q0   q1
q1    q2   q1
q2    q0   q3
q3    q2   q4
q4    q2   q1
```

चूक पकडायला तीन स्ट्रिंग्ज पुरतात. 101011 नाकारली गेली तर q3 वरचा 0 चा बाण आरंभाकडे गेलाय. 10110 मान्य झाली तर q4 वर फेरा घातलाय, आणि ते यंत्र ‘1011 ने संपणाऱ्या’ नाही, ‘1011 असलेल्या’ स्ट्रिंग्जचं झालं. 1011011 नाकारली गेली तर इलेक्ट्रॉनिक्सची सवय सुटलेली नाही, किंवा q4 मधून बाणच निघालेला नाही.

एनएफएवरून उपसंच काढत गेलं तरी हेच कोष्टक मिळतं. पाच अवस्थांचे 32 उपसंच होतात, पण आरंभापासून पोचता येतात फक्त पाच. n लांबीच्या नमुन्याला n+1 अवस्था लागतातच. त्याहून कमीत भागत नाही.

मागे पडण्याचा हा हिशेब पुढे मजकूर शोधण्याच्या कामी आला. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोध-पद्धतीत प्रत्येक उपसर्गासाठी किती मागे यायचं याचं कोष्टक असतं. 1011 साठी ते 0, 0, 1, 1. q3 वर 0 आला की कोष्टकातला तिसरा आकडा 1 आपल्याला q1 वर आणतो, तिथून 0 वाचला की q2. डीएफएचा बाण हाच प्रवास एका उडीत करतो.

अलीकडे मी फळ्यावर ‘फायनल’ खोडून ‘स्वीकार अवस्था’ लिहू लागलो आहे. त्या बॅचमध्ये q4 मधून बाण न काढणारी मुलं कमी दिसतात. q3 वरून थेट q0 कडे जाणारा बाण मात्र अजून तितकाच भेटतो, कारण त्या चुकीचा शब्दाशी काही संबंध नाही.