ट्रायेज: कॅज्युअल्टीत आधी कोणाला घ्यायचं ते ठरवणं

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटला कोण आधी आलं यावरून नाही तर कोणाला थांबणं परवडणार नाही यावरून क्रम देणं म्हणजे ट्रायेज. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ निवडणं, आपण ताटात तांदूळ घेऊन निवडतो ना तसंच. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डोमिनिक लारे याचं नाव यात हमखास येतं, कारण त्याने जखमी सैनिकांचा हुद्दा न बघता जखम किती गंभीर ते बघून उपचाराचा क्रम लावायला सुरुवात केली.

नागपुरात मेडिकल म्हणा, मेयो म्हणा, ओपीडीत चिठ्ठी फाडली की नंबर लागतो आणि लोकांना तीच सवय असते, त्यामुळे कॅज्युअल्टीत आपल्या मागून आलेल्याला थेट आत घेतलं की "आम्ही काय येडे आहोत का इथे बसलेले" हे ऐकू येतंच. पण तिथे नंबर नसतो, रंग असतो. दिल्लीच्या एम्सने बनवलेल्या पद्धतीत तीन रंग आहेत: लाल म्हणजे आत्ताच, पिवळा म्हणजे लवकर पण थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे थांबलं तरी जीवाला धोका नाही. बाहेरच्या देशांत पाच पायऱ्यांच्या पद्धती जास्त चालतात, तत्त्व तेच.

डेस्कवरच्या सिस्टर किंवा डॉक्टरकडे एका पेशंटसाठी दोन ते पाच मिनिटं असतात. त्यात रोग ओळखायचा नसतो, हे नीट समजून घ्या, फक्त धोका किती ते ठरवायचं असतं. पहिले नुसती नजर: चालत आला की उचलून आणला, एका दमात पूर्ण वाक्य बोलतो का, रंग पांढरा पडलाय का. मग काय होतंय आणि कधीपासून हे एक-दोन प्रश्न, मग नाडी, श्वास, बीपी, बोटाला ऑक्सिजनचं क्लिप, ताप, आणि शुद्धीत गडबड वाटली तर लगेच ग्लुकोमीटरने शुगर. श्वास मोजायचा आकडा सगळ्यात जास्त लोक अंदाजाने टाकतात, प्रत्येक कागदावर 18 किंवा 20, आणि खरं सांगायचं तर तब्येत बिघडायला लागली की बरेचदा आधी तोच आकडा हलतो. निदान अर्धा मिनिट घड्याळ धरून मोजायला पाहिजे.

आता समजा मे महिना, दुपारचे तीन, बाहेर 45 डिग्री, आणि दहा मिनिटांत तिघं जण डेस्कवर आले.

बांधकामावरच्या एका मजुराला सोबत्यांनी ऑटोतून आणलंय, म्हणतात झोपलाय भाऊ, सकाळपासून काही खाल्लं नाही, कोणीतरी हळूच म्हणतं घेतली असेल. हाक मारली तर काहीतरी असंबद्ध बडबडतो. काखेतलं थर्मामीटर अशा वेळी कमी दाखवू शकतं म्हणून गुदद्वारातून ताप बघितला, 41.2. शरीराचं तापमान 40 च्या वर आणि मेंदूवर परिणाम म्हणजे उष्माघात धरायचा, लाल रंग, आणि कपडे काढून बर्फाचं पाणी, ओल्या चादरी, पंखा हे डेस्कपासूनच सुरू, कारण पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणलं तर फरक पडतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असंही नाही, उन्हात राबणाऱ्याला घाम असू शकतो.

उरलेले दोघं मित्र, रिंग रोडवर गाडी घसरली. एकाचं मनगट वाकडं झालंय आणि तो इतका ओरडतोय की अख्खी कॅज्युअल्टी त्याच्याकडे बघते. नाडी 96, बीपी 130/80, जखम उघडी नाही, बोटं गरम आहेत, हलतात, नख दाबून सोडलं की दोन सेकंदात गुलाबी होतं, म्हणजे हाताला रक्त पोचतंय. त्याला हिरवा दिला, सोबत दुखण्याचं औषध आणि हाताला आधार, कारण थांबवायचं म्हणजे तडफडत ठेवायचं असं नाही.

दुसरा शांत बसलाय. "मला काही नाही झालं, थोडं पोट दुखतंय, पहिले याचं बघा." नाडी 104, बीपी 118/76, श्वास 20. आकडे फार वाईट नाहीत, पण हँडल डाव्या बरगडीखाली लागलंय असं तो सांगतो, म्हणून पिवळा. वीस मिनिटांनी सिस्टर परत बघायला गेल्या तेव्हा तो पाणी मागत होता, तळवे थंड, डावा खांदा दुखतो म्हणत होता जिथे काहीच लागलेलं नव्हतं. नाडी 128, बीपी 102/80, श्वास 26. बीपी अजून नॉर्मलसारखंच वाटतं ना? तरुण माणसाच्या रक्तवाहिन्या आवळून बीपी बराच वेळ धरून ठेवतात आणि मग ते एकदम कोसळतं. म्हणून नाडीला वरच्या बीपीने भागून बघतात. पहिल्यांदा 104 भागिले 118 म्हणजे 0.88, आता 128 भागिले 102 म्हणजे 1.25. निरोगी माणसात हे 0.5 ते 0.7 च्या आसपास असतं, 1 च्या वर गेलं की आत कुठेतरी रक्तस्राव चालू आहे असंच धरून चालायचं. इथे संशय प्लीहेवर, कारण प्लीहा फाटून आतलं रक्त वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं. पिवळ्याचा लाल झाला, दोन मोठ्या सुया, रक्ताची मागणी, पोटाची सोनोग्राफी तिथेच.

या दुसऱ्या तपासणीला रीट्रायेज म्हणतात आणि गर्दीत तीच राहून जाते. एकदा रंग दिला की तो कायमचा वाटायला लागतो. भागाकाराचा हा हिशोबही सगळ्यांना लागू नाही, बीपीची काही औषधं घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नाडी रक्त जात असतानाही वाढत नाही, त्यामुळे गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारावंच लागतं. तसंच मधुमेह असलेल्या काकू "गॅस झालाय" म्हणत घाम पुसत आल्या तर त्यांना गॅस समजून बसवायचं नाही, दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून डॉक्टरला दाखवायचा.

चूक दोन्हीकडे होते. बऱ्या माणसाला लाल दिला तर खाट अडते, खऱ्या लालला हिरवा दिला तर माणूस जातो, म्हणून पद्धती मुद्दाम पहिल्या चुकीकडे झुकलेल्या असतात. अपघाताच्या पेशंटमध्ये अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने ठेवलेलं माप बघा: गंभीर असून सुटलेले 5 टक्क्यांच्या आत हवेत, उगाच गंभीर धरलेले 25 ते 35 टक्के चालतील.

मोठ्या दुर्घटनेत हिशोब उलटा होतो. एकदम पन्नास जखमी आले आणि हात थोडे असले तर चौथा काळा रंग येतो, मेलेल्यांसाठी आणि ज्यांच्यावर वेळ घालवला तर वाचू शकणारे दुसरे जातील अशांसाठी. रोजच्या कॅज्युअल्टीत जिवंत माणसाला काळा देत नाहीत, तिथे सगळ्यात वाईट हालत असलेलाच पहिला.

अपघात असला की पोलिस केस आणि कागद आलेच, पण ते रंगानंतर. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. मनगटवाल्याचं प्लास्टर मात्र बऱ्याच उशिरा होतं, आणि तोवर त्याचे मामा डेस्कवर दोनदा भांडून गेलेले असतात.