पिरॅमिडचा शिधा: मुकादम मेरेरची रोजनिशी आणि मेलेल्या राजाचं रोजचं जेवण

इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक लेखक हिरोडोटस इजिप्तला गेला, तेव्हा गीझाचा मोठा पिरॅमिड दोन हजार वर्षं जुना झाला होता. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं की एक लाख माणसं तीन-तीन महिन्यांच्या पाळीने वीस वर्षं राबत होती. पिरॅमिडवर कोरलेला एक मजकूरही त्याला कुणीतरी वाचून दाखवला. मजुरांच्या मुळ्यावर, कांद्यावर आणि लसणावर 1600 टॅलेंट चांदी खर्च झाली, असा त्याचा अर्थ त्याला सांगण्यात आला. दुभाष्याने ही गोष्ट रचून सांगितली असण्याचीच शक्यता जास्त. हा पिरॅमिड बांधून घेणाऱ्या खुफू राजाच्या काळात नाणी नव्हती, सगळा व्यवहार धान्य, कापड आणि जनावरांत चालायचा. पण इतक्या माणसांना रोज खायला कोण घालत होतं, हा त्या गोष्टीतला प्रश्न मात्र अगदी बरोबर होता.

त्याचं उत्तर मिळालं ते गीझापासून लांब, तांबड्या समुद्राच्या काठी. वादी अल-जर्फ इथे डोंगरात खोदलेल्या कोठड्या आहेत. सिनाईकडे तांब्यासाठी जाणाऱ्या मोहिमांच्या बोटी सुट्या करून त्यांत ठेवल्या जात. 2013 मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला या कोठड्यांच्या तोंडाशी पपायरसचे शेकडो तुकडे सापडले. लिखाण असलेले हे आजवर मिळालेले सर्वांत जुने पपायरस. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं होती आणि खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरीला ती पिरॅमिडसाठी दगड वाहत होती.

रोजनिशीत भावनेचा किंवा कौतुकाचा एक शब्द नाही. महिन्यातल्या दर दिवसासाठी एक रकाना आणि त्यात दिवस कुठे गेला, रात्र कुठे काढली एवढंच. 25 तारखेला टोळी दक्षिण तुराच्या खाणीत दगड ओढते आणि रात्री तिथेच राहते. 26 ला भरलेली बोट सुटते आणि रात्री खुफूच्या तलावाशी थांबते. 27 ला ती 'आखेत खुफू'ला, म्हणजे पिरॅमिडच्या पायथ्याशी पोचते. 28 ला सकाळी रिकामी बोट परत तुराकडे निघते आणि 29 ला पुन्हा दगड ओढायला सुरुवात. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा व्हायच्या.

या नोंदींमधून कामाची आखणी दिसते. पिरॅमिडचा बहुतेक दगड गीझाच्याच पठारावरचा, बांधकामाला लागून असलेल्या खाणीतला आहे. राजाच्या दफनकक्षाचे ग्रॅनाइट सुमारे 800 किलोमीटरवरच्या अस्वानहून नदीने आले. मेरेर आणत होता तो बाहेरच्या आवरणाचा पांढरा, बारीक पोताचा चुनखडक, आणि तो नदीच्या पलीकडे तुराला मिळायचा. भरलेली बोट पिरॅमिडच्या जितकी जवळ नेता येईल तितकी ओढणी वाचते. म्हणून नाईलचं पुराचं पाणी कालव्यांतून आणि खोदलेल्या तलावांतून पठाराच्या पायथ्यापर्यंत घेतलं होतं. पुराचे महिने वाहतुकीचे महिने होते. याच महिन्यांत शेतं पाण्याखाली असत आणि शेतकरी मोकळा असे. मेरेरच्या टोळीला एकदा बांधाच्या कामालाही लावलं होतं. या साऱ्यावर देखरेख होती आंखहाफ या बड्या अधिकाऱ्याची. तो खुफूचा सावत्र भाऊ.

कामाचा वेग साध्या गणिताने काढता येतो. पिरॅमिडात सुमारे 23 लाख दगड आहेत असा अंदाज आहे. पंचवीस-सव्वीस वर्षं रोज काम झालं असं धरलं, तर दिवसाला अडीचशेच्या आसपास दगड बसायला हवेत. दहा तासांच्या दिवसात अडीच मिनिटांना एक. एक लाख माणसं एकदम त्या पठारावर मावलीही नसती. आजचे अभ्यासक एका वेळी वीस-पंचवीस हजार माणसं धरतात, आणि त्यांतही दगडांना हात लावणाऱ्यांपेक्षा पाणी, लाकूड, भांडी, दोर आणि अन्न पुरवणारे खूप होते.

अन्नाची बाजूही मेरेरच्या कागदांत आहे. एका नोंदीत इजेरू नावाचा माणूस बोटीने हेलिओपोलिसला जातो आणि टोळी दगड ओढत असताना पाव वगैरेची 40 पोती घेऊन परततो. याच ढिगात शिध्याचे वेगळे हिशोब निघाले. किती यायचं ठरलं होतं, किती आलं आणि किती येणं बाकी आहे, अशा तीन नोंदी त्यांत काळ्या आणि लाल शाईने केल्या आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही गोदामाच्या कारकुनाला हा कागद न शिकवता कळेल. येणं बाकी दाखवणारा रकाना मुद्दाम ठेवावा लागत होता, म्हणजे शिधा थकत असणार हे उघड आहे.

पिरॅमिडच्या दक्षिणेला अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी एक अख्खी वसाहत खणून काढली आहे. ती मुख्यतः खुफूच्या मुलाच्या आणि नातवाच्या, म्हणजे खाफ्रे आणि मेनकाउरेच्या काळातली. लांबच लांब बराकी, धान्याची कोठारं आणि भट्टीखाने असं तिचं रूप आहे. भट्टीखान्यात घंटेच्या आकाराचे जाडजूड मातीचे साचे मिळाले. ते आधी रचून आगीवर तापवायचे, निखाऱ्यांच्या खड्ड्यात ठेवायचे, त्यांत पीठ ओतायचं आणि वर दुसरा तापलेला साचा पालथा घालायचा. एमर गहू आणि जवाचा तो पाव अतिशय दाट व्हायचा. त्याच्या जोडीला जवाची बिअर. या दोन गोष्टींवर इजिप्तमधला मजूर जगायचा आणि शिधाही त्यांतच मोजला जायचा.

मांसाचं काय, हे हाडं सांगतात. वसाहतीतल्या कचऱ्यात गुरं, मेंढ्या आणि शेळ्यांची हाडं भरपूर आहेत आणि गुरांत कोवळे नर जास्त आहेत. गाव स्वतःपुरतं जनावर पाळतं तेव्हा म्हाताऱ्या गाई आणि थकलेले बैलही कचऱ्यात दिसायला हवेत. इथे ते जवळजवळ नाहीत. उलट नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या कोम अल-हिस्न या गावात गुरं पाळल्याच्या खुणा आहेत, पण गुरांची हाडं अगदी थोडी. जनावर तिथे वाढायचं आणि कापायला दुसरीकडे जायचं. खुफूचा बाप स्नेफेरू याने एका वर्षात 35 वसाहती आणि 122 गोकुरणं वसवल्याची नोंद 'पालेर्मोचा शिलालेख' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन इजिप्शियन राजनोंदीत आहे. स्नेफेरूने तीन मोठे पिरॅमिड उभारले. त्यांतला एक अर्ध्यावर असताना पाया खचायला लागला, म्हणून त्याचा उतार 54 अंशांवरून 43 वर आणावा लागला. असे प्रयोग परवडायला आधी अशी कुरणं लागतात.

ही माणसं गुलाम होती का? बाजारात विकत घेतलेले गुलाम ती नव्हती. पण खुशीने पुण्य कमवायला आलेले भक्त म्हणून त्यांचं जे चित्र हल्ली रंगवलं जातं, तेही मला पटत नाही. ही वेठ होती. गावाने राज्याला द्यायची मेहनत, जिच्या बदल्यात पोटाला मिळायचं. 1990 मध्ये गीझाला एका घोड्याचा पाय जुन्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि मजूर-मुकादमांचं कब्रस्तान उजेडात आलं. तिथल्या सांगाड्यांचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत. मोडलेले हात मात्र सरळ जुळलेले आहेत, म्हणजे कुणीतरी ते नीट बांधले होते. टोळ्यांनी दगडांवर लाल रंगात आपली नावं रंगवून ठेवली आहेत. 'खुफूचे मित्र' ही एक टोळी, 'मेनकाउरेचे पियक्कड' ही दुसरी.

या कब्रस्तानातल्या माणसांजवळही पाव आणि बिअरची भांडी ठेवलेली आहेत, आणि इथेच श्रद्धेचा गाभा हाताला लागतो. इजिप्शियन समजुतीप्रमाणे माणसाबरोबर 'का' नावाची जीवनशक्ती जन्मते. मेल्यावर ती टिकते, पण तिला रोज खायला-प्यायला लागतं. उपाशी राहिली तर मेलेला खरोखर मरतो. राजाच्या बाबतीत याला आणखी एक पदर होता. उत्तरेच्या आकाशातले कधीच न मावळणारे तारे अमर मानले जात आणि राजा त्यांच्यात जाऊन मिळायचा. पिरॅमिडचं दार उत्तरेकडे आणि चारही बाजू दिशांशी काटेकोर जुळवलेल्या, त्या याचमुळे. खुफूच्या पिरॅमिडात धार्मिक मजकूर नाही. ते मंत्र पहिल्यांदा भिंतीवर कोरलेले दिसतात उनास राजाच्या पिरॅमिडात, खुफूनंतर दोनेक शतकांनी, आणि त्यांतला मोठा भाग अर्पण करायच्या पदार्थांची यादी आहे.

म्हणजे पिरॅमिड बांधून झाला तरी शिध्याचा व्यवहार संपायचा नाही. दगड थांबले तरी पाव, बिअर आणि बैल येतच राहायचे, आता मेलेल्या राजासाठी. अबुसीरला नेफेरिरकारे राजाच्या मंदिराचे कागद सापडले आहेत. त्यांत रोज काय आलं, कोणतं भांडं फुटलं, कोण हजर होता हे सगळं आहे. मंदिरातले सेवेकरी ज्या पाच गटांत विभागले होते, तीच विभागणी आधी बांधकामाच्या टोळ्यांमध्ये आणि बोटींवर होती. प्रत्येक गटाच्या दोन तुकड्या असत, त्यामुळे एका तुकडीची पाळी दहा महिन्यांतून एकदा, एक महिना यायची. शेजारच्या रानेफेरेफच्या मंदिराला 'सुरीचं घर' नावाचा कत्तलखानाच जोडलेला होता. एका दहा दिवसांच्या उत्सवात 130 बैल कापले गेल्याची नोंद आहे. राजा अर्थातच खात नव्हता. त्याच्यापुढे ठेवलेलं अन्न नंतर पुजाऱ्यांत आणि नोकरांत वाटलं जायचं, आणि नैवेद्याचा प्रसाद होताना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मंदिराला नेमून दिलेली शेतं अशा रीतीने शेकडो कुटुंबांना पोसत होती.

म्हणूनच ती कुटुंबं जागा सोडायला तयार नसत. मेनकाउरेच्या खालच्या मंदिराच्या अंगणात पुढच्या दोन-तीन शतकांत कच्च्या विटांच्या झोपड्या आणि धान्याच्या कणग्या दाटीने उभ्या राहिल्या. उत्खननात त्या तशाच निघाल्या. राहणारे सेवेकरी होते आणि पिरॅमिडची वस्ती असल्याने त्यांना सूटही मिळे. पेपी पहिला या नंतरच्या राजाने दाहशूरच्या स्नेफेरूच्या पिरॅमिड-वस्तीला कर आणि वेठीतून मुक्त केल्याचा हुकूम उपलब्ध आहे, आणि पेपी दुसऱ्याचा तसाच हुकूम मेनकाउरेच्या याच मंदिरात मिळाला. प्रत्येक नवा राजा स्वतःसाठी नव्या जमिनी बाजूला काढायचा आणि जुन्यांच्या जमिनी मोडायची सोय नसायची. मोडल्या तर त्याच्याही मागे कुणी तसंच करेल. सूट मिळालेली वस्ती वेठीला माणूस पाठवत नाही आणि कोठारात धान्यही भरत नाही. पेपी दुसऱ्यानंतर 'जुनं राज्य', म्हणजे पिरॅमिडांच्या काळातली इजिप्तची राजवट, विस्कटलं, त्याची कारणं अनेक आहेत; कमी पडलेले पूर आणि प्रांतांतले बळावलेले सुभेदार ही त्यांतली ठळक. मेलेल्या राजांच्या नावावर अडकलेल्या जमिनींनी तिजोरीवर पडलेला ताण अभ्यासक याच यादीत धरतात.