पाणी मागं ओढलं गेलं का ढकललं गेलं? दोन्हीचा इलाज वेगळा

नळाला वास आला की लोक म्हणतात लाइनमध्ये घाण शिरली, आणि प्लंबर येऊन एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवून जातो. पण घाण शिरायचे दोन रस्ते आहेत आणि एकावरचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

पहिला रस्ता ओढला जाण्याचा. समजा कोथरूडमधल्या एका बंगल्यात बागेचा पाइप नळाला लावलाय, दुसरं टोक कीटकनाशक कालवलेल्या ड्रममध्ये बुडालंय आणि नळ चालूच आहे. तेवढ्यात कॉर्पोरेशनचं पाणी जातं, लाइनमधलं पाणी उताराकडच्या घरांत उतरायला लागतं, किंवा शेजाऱ्याने लाइनलाच थेट मोटर लावलेली असते (याला मनाई आहे, तरी लावतात). लाइनमधलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालं की ड्रममधलं पाणी उलटं चढतं. अर्ध्या इंची २० मीटर पाइपात जेमतेम अडीच लिटर पाणी मावतं, ते संपलं की लगेच ड्रममधलं औषध लाइनमध्ये. इथे नळ आणि पाइपाच्या मध्ये बसवायचा व्हॅक्यूम ब्रेकर कामाला येतो, कारण ओढ लागली की तो हवा आत घेतो आणि धार तुटते. पण सगळ्यात भारी म्हणजे पाइपाचं टोक पाण्यात बुडवायचंच नाही, ड्रमच्या काठाच्या वर धरायचं.

दुसरा रस्ता ढकलला जाण्याचा, आणि मला जास्त काळजी याची वाटते कारण तो सोसायटीत महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. टँकर आणि बोअरचं पाणी टाकीत, त्यावर प्रेशर पंप, आणि कुणीतरी सोयीसाठी ती लाइन कॉर्पोरेशनच्या थेट लाइनला एका व्हॉल्व्हने जोडून ठेवलेली. पंपाचं प्रेशर २ बार धरा, म्हणजे पाण्याचा साधारण २० मीटरचा दाब, आणि थेट लाइनला त्या वेळी जेमतेम अर्धा बार. व्हॉल्व्ह थोडा जरी गळला तरी बोअरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये घुसणारच. व्हॅक्यूम ब्रेकर इथे बिनकामाचा, कारण ओढच नाहीये. एकट्या एनआरव्हीवरही भरवसा नको, त्याच्या झडपेत वाळूचा कण अडकला की तो बसत नाही आणि हे बाहेरनं कळत पण नाही.

इथे खरा इलाज म्हणजे मधे मोकळी हवा. ती जोडणी कापून टाकायची आणि कॉर्पोरेशनचं पाणी टाकीत वरनं पडू द्यायचं, पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी वर, कमीत कमी २५ मिलिमीटर. मग पंपाने ते टाकीतनं उचलायचं.

तपासायचं कसं? कॉर्पोरेशनचं पाणी बंद असतानाच्या वेळेत किचनचा थेट नळ उघडा. पाइपात उरलेलं थोडं पाणी येऊन थांबलं तर ठीक. जोरात येतच राहिलं तर प्रेशर पंप बंद करायला लावा, त्याबरोबर नळाची धारही थांबली तर दोन्ही लाइनी नक्की कुठेतरी जोडल्यात. असं निघालं तर ती जोडणी तोडून लाइन धुतल्याशिवाय त्या नळाचं पाणी प्यायला घेऊ नका.