'काळ्या यादीत नाव नाही' या एका ओळीमागचा इतिहास

परदेशी खरेदीदाराचा व्हेंडर रजिस्ट्रेशन फॉर्म आला की छोटा पुरवठादार बँक खातं, कर नोंदणी, मालाची यादी हे सगळं काळजीपूर्वक भरतो. शेवटच्या पानांवरच्या घोषणापत्रांवर मात्र न वाचताच सही-शिक्का होतो. लाच दिलेली नाही, काळ्या यादीत नाव नाही, निर्बंध नाहीत. सगळीकडे 'नाही'वर खूण. माझ्या मते फॉर्ममधली सर्वांत जोखमीची पानं हीच आहेत.

लाचेच्या कलमाची सुरुवात अमेरिकेत झाली. वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यानंतर तिथल्या शेअर बाजार नियामकाने कंपन्यांची चौकशी केली. तेव्हा चारशेहून अधिक कंपन्यांनी संशयास्पद किंवा बेकायदा रकमा दिल्याचं कबूल केलं, आणि एकूण आकडा ३० कोटी डॉलरच्या वर गेला. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तनाका यांना १९७६ मध्ये अटक झाली. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं हा गुन्हा ठरवला. या कायद्यात मधल्या माणसामार्फत दिलेला पैसाही धरला होता. एजंट, वितरक, पुरवठादार यांनी काय केलं हे पाहणं मोठ्या कंपनीला तेव्हापासून भाग पडलं. ब्रिटनने २०१० च्या कायद्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. कंपनीसाठी काम करणाऱ्याने लाच दिली तर ती रोखली नाही म्हणून कंपनीच दोषी ठरते. सुटका हवी असेल तर पुरेशी खबरदारी घेतल्याचं तिने स्वतः सिद्ध करायचं. त्या पुराव्याच्या फाइलीत तुमचं सही केलेलं घोषणापत्र असतं. म्हणजे तो फॉर्म तुमच्यावर संशय आहे म्हणून येत नाही, खरेदीदाराला स्वतःच्या बचावासाठी तो लागतो.

काळ्या यादीचं कलम वेगळ्या वाटेने आलं. १९९६ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेनसन यांनी भ्रष्टाचाराला 'कर्करोग' म्हटलं आणि त्यानंतर बँकेने दोषी कंपन्यांना आपल्या पैशाच्या कामांतून बाहेर ठेवायला सुरुवात केली. एका बँकेने बाहेर काढलेली कंपनी दुसरीकडे सहज काम मिळवू शकत होती. एप्रिल २०१० मध्ये जागतिक बँक, आशियाई, आफ्रिकी आणि आंतर-अमेरिकी विकास बँका, तसंच युरोपीय पुनर्रचना व विकास बँक अशा पाच संस्थांनी करार केला. त्यानुसार एकीने एक वर्षाहून जास्त काळासाठी जाहीरपणे बंदी घातली, की इतरांकडेही सामान्यतः ती लागू होते. फॉर्ममध्ये 'कोणत्याही' बँकेने किंवा संस्थेने बंदी घातली आहे का, असं मोघम विचारलेलं दिसतं ते बरंचसं या करारामुळे.

इथे एक शब्द नीट लक्षात घ्यावा. जागतिक बँकेच्या व्याख्येत फसवणूक म्हणजे फायद्यासाठी जाणूनबुजून 'किंवा बेपर्वाईने' दिलेली दिशाभूल करणारी माहिती. न तपासता 'नाही' लिहिणं या दुसऱ्या शब्दात बसू शकतं, आणि बँकेच्या पैशाच्या कामात हे नियम पुरवठादारांनाही लागू होतात.

समजा, दोन भागीदारांचं गॅस्केट बनवणारं युनिट आहे. परदेशी ठेकेदार जागतिक बँकेच्या पैशाचं पाणीपुरवठ्याचं काम करतो आहे आणि त्याचा फॉर्म आला आहे. त्यात प्रश्न असा: 'गेल्या पाच वर्षांत तुमच्यावर, तुमच्या मालकांवर किंवा संलग्न संस्थांवर कोणत्याही सरकारी संस्थेने बंदी घातली होती का?' युनिटवर बंदी कधीच नव्हती. पण एका भागीदाराचा दुसऱ्या फर्ममध्ये ६० टक्के हिस्सा आहे. त्या फर्मवर माल वेळेत न दिल्याने एका सरकारी खात्याने दोन वर्षांची बंदी घातली होती, ती गेल्या वर्षी संपली. भागीदाराला वाटतं, बंदी संपली, फर्मही वेगळी, म्हणजे उत्तर 'नाही'. पण प्रश्न 'सध्या' विचारत नाही, 'गेल्या पाच वर्षांत' विचारतो, आणि 'संलग्न' या शब्दात ती फर्म येते. उत्तर 'होय' आहे. सोबत एक पान जोडावं: बंदी कोणी घातली, आदेशाची तारीख, कारण, मुदत कधी संपली, त्यानंतर कामात काय बदललं. आदेशाची प्रतही लावावी. हाच प्रश्न फक्त 'सध्या बंदी आहे का' असा असता, तर 'नाही' हे खरं उत्तर ठरलं असतं.

'होय' लिहिलं की काम गेलंच, असं नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सरकारी खरेदी निर्देशात पुरवठादाराला सुधारणा दाखवून पुन्हा पात्र ठरण्याची वाट ठेवली आहे. त्याच निर्देशात माहिती देताना केलेली गंभीर दिशाभूल हे मात्र बाद करण्याचं स्वतंत्र कारण आहे. जुनी उशिराची चूक समजावून सांगता येते. खोटं 'नाही' उघड झालं तर ते समजावणं फार कठीण जातं.

मालकीच्या प्रश्नालाही असाच आधार आहे. अमेरिका ज्यांच्यावर आर्थिक निर्बंध घालते त्यांची यादी ठेवते. तिच्या नियमानुसार अशा निर्बंधित व्यक्तींचा एकत्रित हिस्सा ५० टक्के किंवा जास्त असेल, तर या यादीत नाव नसलेली कंपनीही निर्बंधित धरली जाते. म्हणून खरेदीदार नुसतं कंपनीचं नाव तपासून थांबत नाही, हिस्सेदारांची नावंही मागतो. पत्नीच्या किंवा भावाच्या नावावरचा हिस्सा 'घरातलाच' म्हणून वगळू नये.

सही केलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवावी. बहुतेक घोषणापत्रांत परिस्थिती बदलली तर कळवण्याचंही बंधन असतं, आणि नवा भागीदार घेताना ते पान पुन्हा उघडून पाहावं लागतं.